खरेदीखताचे १३ फोटो, ११ पानं आणि भाषांतरात उगवलेलं कर्ज

मलप्रभा

माहेर खानापूर तालुक्यातलं, सध्या मुक्काम पुणे. गावातल्या घराचं आणि परड्याचं १९८७ सालचं खरेदीखत आहे. आजोबांनी घेतलेलं. हाताने लिहिलेलं, सगळं कानडीत. मला कानडी बोललेलं कळतं, वाचता येत नाही. भावाने नकलेचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवले. पानं ११, फोटो १३, कारण पान ४ आणि पान १० लांब असल्याने त्याने वरचा-खालचा असे दोन दोन काढले. ते मी आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांना पुढे पाठवले. त्यांनी बिचाऱ्यांनी दोन संध्याकाळी बसून सगळं मराठीत लिहून दिलं, एका मोठ्या मेसेजमध्ये. प्रत्येक तुकड्यावर "फोटो १", "फोटो २" असंही घातलं.

आता घोळ असा. भाषांतरात एक ओळ आहे, "सदर मिळकतीवर कर्ज व बोजा आहे." आमच्या घरात कुणालाच हे माहीत नाही. काकांचा तर रात्रीचा डोळा लागेना. शिवाय परड्यातल्या विहिरीत आमचा अर्धा वाटा आहे हे आजी नेहमी सांगायची, त्याचा भाषांतरात मागमूस नाही. आणि आठ हजार रुपये दिल्याचा उल्लेख दोनदा आलाय, म्हणजे एकूण सोळा दिले की काय?

कुठली मराठी ओळ कुठल्या फोटोतली आहे हे कसं शोधायचं? आणि फोटो पानांच्या क्रमाने आहेत हे कशावरून समजायचं? मी तपासून बघितलं होतं. भावाला फोन करून विचारलं, पान ८ कुठल्या शब्दाने सुरू होतं, पान ९ कुठल्या. फोटो ८ आणि फोटो ९ दोन्ही बरोबर निघाले. म्हणून मी निर्धास्त होते.

चिकोडी_एक्सप्रेस

सोपं आहे की. फोटो म्हणून पाठवायचेच नाहीत. डॉक्युमेंट म्हणून पाठवायचे. फोटो म्हणून पाठवले की व्हॉट्सॲप ते बारीक करतं आणि नावही बदलतं. डॉक्युमेंटमध्ये मूळ नाव राहतं. भावाला सांगा, फाईलला 1, 2, 3 नावं देऊन परत पाठव. विषय संपला.

वडगावचा_माग

आमच्याकडे पण असंच झालं होतं बगा. आईचे दवाखान्याचे कागद, एकूण वीसेक फोटो, भाच्याने एकदम ढकलले. डॉक्टरांनी बघून सांगितलं की तारखेप्रमाणे लावा. मग मी बसून तारखेने लावले, झालं काम. तुम्ही पण तारीख बघून लावा की ताई, एवढं काय त्यात.

मलप्रभा

@वडगावचा_माग दादा, तुमचे कागद सुटे होते, प्रत्येकावर आपापली तारीख. हा एकच दस्त आहे, तारीख एकदाच, पहिल्या पानावर. पुढची दहा पानं नुसती वाहत गेलीत.

@चिकोडी_एक्सप्रेस माझ्या फोनमध्ये नावं अशी दिसतात: `IMG-20240612-WA0004.jpg`, मग WA0005, WA0006, असं सलग. त्या आकड्यावरून पानाचा क्रम कळेल ना?

जुना_कारकून

नाही कळणार. WA पुढचा आकडा तुमच्या फोनचा आहे, त्या दिवशी फोटो तुमच्याकडे ज्या क्रमाने उतरले तो. भावाने कुठल्या क्रमाने काढले, कुठल्या क्रमाने निवडले, याची त्याला काही खबर नाही. रेंज नसलेल्या गावात एखादा फोटो अडकतो, बाकीचे पुढे जातात, मग अडकलेला मागाहून येतो आणि त्याला पुढचा आकडा मिळतो. सलग आकडे बघून माणूस फसतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक तुमच्याच पोस्टमध्ये आहे. फोटो १३, पानं ११. पान ४ चे दोन फोटो आहेत. म्हणजे सगळं क्रमाने असतं तर पान ५ हे फोटो ६ ला आलं असतं, पान ६ फोटो ७ ला, पान ७ फोटो ८ ला आणि पान ८ फोटो ९ ला. तुमच्याकडे मात्र फोटो ८ म्हणजे पान ८ आणि फोटो ९ म्हणजे पान ९ निघालं. आकडे जुळले म्हणून तुम्ही निर्धास्त झालात, आणि ते जुळले हीच चूक आहे. मधलं एक पान तिथे नाही. पान ७ कुठेतरी मागे गेलंय, माझ्या अंदाजाने फोटो १० म्हणून.

भावाला विचारा, एखादा फोटो मागाहून पाठवला का.

मलप्रभा

काका, अंगावर काटा आला. आत्ताच विचारलं. तो म्हणतो, एक फोटो गोल गोल फिरत राहिला, मग त्याने परत पाठवाचं चिन्ह दाबलं, तोवर पान ९ पर्यंत गेले होते. १० आणि ११ नंतर पाठवले. म्हणजे माझ्याकडे पानं १ ते ६, मग ८, ९, ७, १०, ११ अशी आली.

पण नुसतं एक पान इकडचं तिकडे झालं म्हणून कर्ज कसं उगवलं?

संकेश्वरची_सून

ते मी सांगते, माझं माहेर कानडी, सासर मराठी. ताई, त्या पानांच्या अगदी शेवटच्या आणि पहिल्या दोन ओळींचेच फोटो कापून टाका बघू. नावं, सर्वे नंबर झाका.

मलप्रभा

टाकलेत. पान ६ चा शेवट, ७ ची सुरुवात आणि शेवट, ८ ची सुरुवात.

संकेश्वरची_सून

हां, दिसलं. वाचून दाखवते.

पान ६ संपतं ते असं: "सदरी आस्तिय मेले यावुदे साल, बोजा". म्हणजे "सदर मिळकतीवर कोणतेही कर्ज, बोजा" आणि पान संपलं. क्रियापद पुढच्या पानावर. पान ७ ची पहिली ओळ: "इरुवुदिल्ल". म्हणजे "नाही". एकच शब्द, पण सगळा जीव त्यात.

पान ७ चा शेवट: "दक्षिण बदिय बावियल्लि अर्ध पालु". दक्षिणेकडच्या विहिरीत अर्धा वाटा. इथेही पान संपलं. पान ८ ची सुरुवात: "इदे". म्हणजे "आहे".

आता सरांच्या समोर पान ६ नंतर पान ८ आलं. त्यांनी "कर्ज, बोजा" ला "इदे" जोडलं. झालं कर्ज तयार. आणि विहिरीची ओळ पान ९ च्या मागे गेली, तिच्या पुढे पान १० चं नवीन कलम. तिला क्रियापदच उरलं नाही, म्हणून त्यांनी ती अर्धवट समजून सोडून दिली असणार. तुमच्या आजीची विहीर दोन पानांच्या फटीत पडली.

मलप्रभा

😭 काकांना फोन लावते आधी.

चिकोडी_एक्सप्रेस

"साल" म्हणजे वर्ष नव्हे काय? "यावुदे साल" म्हणजे कुठलंही वर्ष?

संकेश्वरची_सून

कानडीत साल म्हणजे कर्ज. आणि "सालु" म्हणजे ओळ, रांग. मराठी माणूस इथे हमखास घसरतो 😀 लग्न होऊन आले तेव्हा सासरे "हे साल बरं गेलं" म्हणाले आणि मला वाटलं कर्ज फिटलं.

जुना_कारकून

सरांना दोष द्यायला नको, पण एक खूण त्यांच्या समोर होती. "यावुदे" म्हणजे "कोणतेही". मराठीत "कोणतेही कर्ज आहे" असं कुणी लिहितं का? कानाला वाकडं लागतं. कानडीतही तसंच. "यावुदे" आलं की पुढे नकार येणार, असं धरून चालायचं. तो आला नाही तर आधी पान बघायचं, वाक्य नंतर. सरांनी "कोणतेही" गाळून "कर्ज व बोजा आहे" असं गुळगुळीत केलं. भाषांतरात असा खडबडीत सांधा आला तर तो घासायचा नसतो, तिथे "इथे पान जुळत नाही" असं लिहायचं असतं.

मी नोकरीत असताना कानडी दस्त मराठीत आणि मराठी दस्त कानडीत उतरवून घेण्याचं काम पुष्कळ बघितलंय. आमची एकच रीत होती, सांधे तपासणं. भाषांतराच्या आधी एका कोऱ्या कागदावर प्रत्येक पानाचे शेवटचे दोन शब्द आणि पहिले दोन शब्द उतरवायचे. अर्थ कळायची गरज नाही, नुसती अक्षरं. मग शेवट-सुरुवात, शेवट-सुरुवात असं मोठ्याने वाचून बघायचं. अकरा पानांचे दहा सांधे. दहा मिनिटांत कळतं कुठे लचकतंय ते. कानडी आणि मराठी दोन्हीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे पान वाक्याच्या मधे तुटलं की "आहे" आणि "नाही" हमखास पलीकडच्या पानावर जातात.

मलप्रभा

काका, मग ओळींना खुणा कशा करायच्या? सरांनी "फोटो ६" असं लिहिलं होतंच की. तरी फसलो.

जुना_कारकून

"फोटो ६" ही खूण फोनची आहे, कागदाची नाही. फोटो परत आले, दुसऱ्याला पाठवले, की आकडा बदलतो. खूण पानाची करायची आणि ओळीची. पान ६ वरची २४ वी ओळ म्हणजे ६/२४. ओळ मोजताना शिक्के, सह्या, समासातले शेरे सोडायचे, फक्त मजकुराच्या ओळी. हे आधीच ठरवून भाषांतराच्या डोक्यावर लिहून ठेवायचं, नाहीतर एक जण शिक्का धरून मोजतो, एक सोडून.

आणि जे वाक्य दोन पानांवर पसरलंय त्याला दोन्ही खुणा. तुमचंच घ्या:

६/२४ – ७/१ : सदर मिळकतीवर कोणतेही कर्ज, बोजा नाही.
७/२२ – ८/१ : दक्षिण बाजूच्या विहिरीत अर्धा वाटा आहे.

असं लिहिलं असतं तर सरांच्या लक्षात आलं असतं की आपण ६/२४ ला ८/१ जोडतोय, मधलं ७ कुठं गेलं?

संकेश्वरची_सून

काका, एक शंका. असं वाक्य कुठल्या पानाखाली लिहायचं? मी तरी जिथे क्रियापद आहे त्या पानाखाली लिहीन. "नाही" ज्या पानावर लिहिलंय ते पान कोर्टात दाखवावं लागतं.

जुना_कारकून

आम्ही वाक्य सुरू होतं त्या पानाखाली लिहायचो. वाचणारा वरून खाली येतो, वाक्य अर्धं सोडून पुढच्या पानावर गेला तर हरवतो.

संकेश्वरची_सून

मग पुढच्या पानाच्या डोक्यावर "(पान ६ वरून)" असं तरी लिहा, नाहीतर ७/१ रिकामी दिसते आणि कुणीतरी म्हणतं ओळ सुटली.

जुना_कारकून

ते चालेल. पण वाक्य माझ्याच पानाखाली 🙂

मलप्रभा

आणि आठ हजार दोनदा आलेत ते?

संकेश्वरची_सून

पान ४ चे दोन फोटो ना? वरच्या फोटोच्या खाली आणि खालच्या फोटोच्या वर त्याच दोन ओळी आल्या असतील. सरांनी दोन्हीकडे भाषांतर केलं.

मलप्रभा

बघितलं. अगदी तेच. "फोटो ४" चं शेवटचं वाक्य आणि "फोटो ५" चं पहिलं वाक्य शब्दाला शब्द एकच आहे. काय हो हे. माझ्याच डोळ्यांसमोर होतं.

जुना_कारकून

पण भावाने दोन ओळी सामाईक ठेवल्या हे फार चांगलं केलं, ते बंद करायला सांगू नका. बरोबर कडेला कडा लावून फोटो काढला तर मधली एक ओळ दोन्हीकडून अर्धी कापली जाते आणि कुणालाच वाचता येत नाही. सामाईक ओळी हव्यातच. फक्त ४ अ आणि ४ आ अशी नावं द्यायची आणि ओळींची मोजणी पानभर एकच चालू ठेवायची. म्हणजे ४ आ ची पहिली ओळ ही १ नव्हे, ती समजा १३. तेरा आणि चौदा दोन्हीकडे दिसल्या की आपोआप कळतं, या त्याच.

कोकटनूरचा_पाव्हणा

मूळ मुद्दा कुणी बोलत नाही. सीमाभागातल्या मराठी माणसाला कागद कानडीतच का मिळावा? मराठीत मागा की. एवढी वर्षं आपण मागूलोय.

जुना_कारकून

पाव्हणं, मागणी वेगळी आणि हा दस्त वेगळा. नक्कल म्हणजे मूळ दस्त जसाच्या तसा. १९८७ ला तो कानडीत लिहिला, तर नक्कलही कानडीतच येणार. १९५६ च्या आधीचा, मुंबई राज्यातला असता तर कदाचित मराठीत मिळाला असता. आणखी मागे गेलात तर मोडीत, मग मोडी वाचणारा शोधा. ती रडकथा वेगळी.

कोकटनूरचा_पाव्हणा

बरोबर आहे तुमचं, पण मुद्दा सोडत नाही मी.

चिकोडी_एक्सप्रेस

माझं डॉक्युमेंटचं कुणी मनावर घेतलं नाही. तसं पाठवलं असतं तर हे झालंच नसतं.

जुना_कारकून

तुमचं अर्धं बरोबर आहे. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं की नाव टिकतं आणि चित्रही बारीक होत नाही, हाताच्या अक्षराला ते महत्त्वाचं आहे. पण 1, 2, 3 अशी नावं दिलीत तर पुष्कळ ठिकाणी यादी 1, 10, 11, 2 अशी लागते. 01, 02 अशी द्या. पान ४ ला 04a, 04b. आणि नाव देणाराच चुकला तर नाव काय करणार? भावाने सातव्या पानाला 09 नाव दिलं असतं तर आपण त्यावरही विश्वास ठेवला असता.

म्हणून पानाचा आकडा फोटोच्या आत हवा. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूच्या चिठ्ठ्या करा, त्यावर जाड पेनाने पान १, पान २ लिहा, आणि फोटो काढताना ती चिठ्ठी कागदाच्या शेजारी ठेवा, मजकुरावर नको. नकलेवर स्वतः काही लिहायचं नाही, पेन्सिलनेसुद्धा नाही. मागची बाजू कोरी असली तरी एक फोटो काढून ठेवा, "पान ३ मागे, कोरं" अशी चिठ्ठी ठेवून. नाहीतर पुढे कुणीतरी विचारतं, मागे शेरा होता का?

मलप्रभा

नकलेवर पानाचे आकडे आधीच आहेत म्हणे, वरच्या कोपऱ्यात, कानडीत. भावाने फोटो "सरळ" करताना कोपरा कापून टाकला. सगळ्या अकरा पानांचा. 🙏

वडगावचा_माग

ताई, मी त्या दिवशी तारखेचं बोललो ते चुकलंच. पण तुमचं वाचून आईचे कागद परत काढले. एका कागदाची मागची बाजू कुणी पाठवलीच नव्हती. गोळ्या किती दिवस घ्यायच्या ते मागे लिहिलं होतं. बरं झालं.

मलप्रभा

सगळ्यांना धन्यवाद. सरांनाही कळवलं, ते हसले आणि म्हणाले, "मला त्या ओळीला ठेच लागली होती गं, पण फोटो तू पाठवलेस म्हणून विश्वास ठेवला." आता ते ६/२४ च्या पद्धतीने परत लिहून देताहेत. मी मात्र चॅटमध्ये प्रत्येक फोटोला वेगळा रिप्लाय द्या म्हणून सुचवलं होतं. ते कसं?

संकेश्वरची_सून

बोलायला बरं पडतं, कुठल्या फोटोबद्दल चाललंय ते दिसतं. पण घरच्या काकांना पाठवायला तो मजकूर कॉपी केलात की फोटोशी असलेली गाठ सुटते, नुसती ओळ उरते. म्हणून रिप्लाय द्या, पण ओळीच्या पुढे ६/२४ लिहूनच द्या.

मलप्रभा

कळलं. अजून एक अडलंय. पान ५, ओळ १४. परड्याचं क्षेत्र. आकडा शिक्क्याखाली आलाय. सर म्हणतात ६ गुंठे, भाऊ म्हणतो ९ गुंठे. अक्षरी लिहिलेलं नाही. तुकडा कापून टाकलाय.

संकेश्वरची_सून

कानडी ६ आणि ९ हाताने लिहिले की जुळे भाऊ. या फोटोवरून मी शपथ घेणार नाही. अक्षरी असतं तर "आरु" की "ओंबत्तु", लगेच कळलं असतं. चक्कुबंदीत, म्हणजे चतुःसीमेच्या कलमात, लांबी-रुंदी दिली आहे का?

मलप्रभा

पान १० वर आहे. भाषांतरात सरांनी "पूर्व-पश्चिम ९९ फूट, उत्तर-दक्षिण ?? फूट" असं लिहिलंय. प्रश्नचिन्ह त्यांचंच.

जुना_कारकून

प्रश्नचिन्ह घातलं हे उत्तम केलं. आता गंमत बघा. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट. ६ गुंठे म्हणजे ६५३४, ते होतात ९९ गुणिले ६६. ९ गुंठे म्हणजे ९८०१, ते होतात ९९ गुणिले ९९. म्हणजे इथेही सहा आणि नऊचाच खेळ.

पण इथे अक्षर ओळखता आलं नाही तरी चालेल. दोन मापं शेजारी ठेवून फक्त एवढं बघा, दोन्ही आकडे सारखे दिसतात की वेगळे. वेगळे असतील तर एक ९९ आणि एक ६६, क्षेत्र ६ गुंठे. सारखे असतील तर दोन्ही ९९, क्षेत्र ९ गुंठे. दोन्ही ६६ असू शकत नाहीत, कारण मग ४ गुंठे भरतात आणि चार कुणीच वाचलेले नाहीत. एक मात्र आहे, जागा चौकोनी आहे असं धरून हे चाललंय. परडी तिरकी असते पुष्कळदा.

मलप्रभा

उत्तर-दक्षिणची ओळ १० आ मध्ये अगदी खाली आहे आणि भावाचा अंगठा तिच्यावर आहे. सरांचं प्रश्नचिन्ह त्या अंगठ्याचं होतं. भाऊ सोमवारी गावी जातोय, चिठ्ठ्या मी करून दिल्यात.

चिकोडी_एक्सप्रेस

डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.